पाच सौदे, एकच पैज : 4 जून 2024चा घटनाक्रम

या घटनाक्रमातली बाजाराची हकीकत खरी आहे. खातं मात्र समजावण्यापुरतं उभं केलेलं आहे : भांडवल 10 लाख, उधारी नाही, पाच शेअर.

शनिवार, 1 जून, संध्याकाळ. लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपतं आणि एक्झिट पोल येतात. जवळपास सगळे सत्ताधारी आघाडीला मोठं बहुमत देतात. सरकारी कंपन्यांचे शेअर आधीच वर्षभर तेजीत आहेत. सरकार बदललं नाही, तर त्यांच्या ऑर्डर आणि भांडवली खर्चही चालू राहणार, या भरवशावरची ती तेजी आहे.

सोमवार, 3 जून, दुपारी 3:30. निफ्टी 3.25 टक्के वाढून 23,263.90 वर बंद होतो. आपल्या खात्यात बंद होता होता एसबीआय, एनटीपीसी, ओएनजीसी, बीईएल आणि आरईसी असे पाच शेअर आलेले आहेत, प्रत्येकी 2 लाखांचे. प्रत्येकाचा स्टॉपलॉस 5 टक्के खाली, म्हणजे एका सौद्यात 10,000 रुपयांची जोखीम, भांडवलाचा 1 टक्का. बँक, वीज, तेल, संरक्षण, वित्त : कागदावर पाच वेगवेगळी क्षेत्रं.

रात्री 9 वाजता. पोर्टफोलिओ हीट काढायची खरी वेळ ही होती. सगळ्या उघड्या सौद्यांमध्ये स्टॉपलॉसपर्यंत जाऊ शकणारे पैसे एकत्र केले, की हीट मिळते. इथे ती 50,000 रुपये, म्हणजे 5 टक्के. आकडा वाईट वाटत नाही, कारण पाचही स्टॉप एकाच दिवशी उडतील असं कुणी धरत नाही. सौद्यांचा एकमेकांशी संबंध नसला, तर चढउतार एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात आणि एकत्र हेलकावा एका सौद्याच्या 2.2 पट राहतो. सहसंबंध 0.8 असला, तर तोच हेलकावा 4.6 पट होतो. म्हणजे नावं पाच, पण पैज जवळपास एकच, पाचपट मोठी.

हे ओळखायला संगणक लागत नव्हता. त्याच दिवशीचे भाव पुरेसे होते : पाचही वर, एसबीआय आणि एनटीपीसी तर 9 टक्क्यांच्या आसपास. एका बातमीवर जे एकत्र चढतं, ते उलट बातमीवर एकत्रच उतरतं. नफ्याच्या दिवशी ही खूण डोळ्यांत भरत नाही, आणि माझ्या मते सगळा घात तिथेच होतो.

अमेरिकेत रिचर्ड डेनिस यांनी 1983 मध्ये तयार केलेल्या ‘टर्टल’ ट्रेडरांना यासाठी पक्का नियम होता. एका बाजारात कमाल 4 युनिट, जवळचा संबंध असलेल्या बाजारांत मिळून 6, आणि एका दिशेला एकूण 12. जोखीम मोजायची ती गटाची.

मंगळवार, 4 जून, सकाळी 8:00. मतमोजणी सुरू.

9:15. निफ्टी 23,179.50 वर उघडतो. घसरण किरकोळ दिसते.

सकाळचं सत्र. कल येऊ लागतात. भाजपला स्वबळावर 272 गाठणं कठीण दिसतं आणि विक्रीचा लोंढा सरकारी शेअरांवर येतो. एसबीआय आणि एनटीपीसीचे स्टॉप लागतात, 20,000 जातात. उरलेल्या तिघांचे स्टॉप लिमिट ऑर्डरचे होते. ट्रिगर आणि लिमिट यांत काही पैशांचंच अंतर होतं. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण तोवर भाव लिमिटच्या खाली सरकला होता. ऑर्डर ‘पेंडिंग’ राहिली आणि भाव उतरत गेला. हीटचं गणित असं गृहीत धरतं की स्टॉपच्या भावाला घेणारा उभा असेल. सगळे एकाच दारातून बाहेर पडू लागले, की तो नसतो.

दिवसाचा तळ. निफ्टी 21,281.45.

3:30. निफ्टी 21,884.50, 5.93 टक्के खाली. ओएनजीसी सुमारे 16, बीईएल 19, आरईसी 24 टक्क्यांनी घसरलेले. या तिघांत 1,18,000 गेले. एकूण तोटा 1,38,000 : कागदावरची हीट 5 टक्के, खरी 13.8.

पाचही सौदे एक गट मानून गटाची जोखीम 2 टक्क्यांवर बांधली असती, तर प्रत्येक शेअर 80,000चाच घेता आला असता. याच चुकलेल्या ऑर्डरींसह तोटा 55,200 वर थांबला असता.

शुक्रवार, 7 जून. निफ्टी 23,290.15 वर बंद होतो, 3 जूनच्या वर. 13.8 टक्के गमावलेल्या खात्याला मूळ जागी यायला उरलेल्या भांडवलावर 16 टक्के कमवावे लागतात.