आपत्कालीन कॉल व सेल ब्रॉडकास्ट इशारे

आपत्कालीन कॉल म्हणजे पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका यांची तातडीची मदत मागण्यासाठी ठरावीक क्रमांकावर केलेला दूरध्वनी होय. सार्वजनिक इशारा म्हणजे शासकीय यंत्रणेने संकटग्रस्त क्षेत्रातील सर्व भ्रमणध्वनींना एकाच वेळी पाठवलेला संदेश होय. दोन्ही एकाच मोबाईल जाळ्यातून, परंतु परस्परविरुद्ध दिशांनी प्रवास करतात. कॉलच्या वेळी यंत्रणेला एका व्यक्तीचे नेमके ठिकाण शोधावे लागते. इशारा देताना मात्र कोणती व्यक्ती कोठे आहे हे यंत्रणेला ठाऊक असण्याची आवश्यकता नसते.

## भारतातील ११२ क्रमांक

भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ असे स्वतंत्र क्रमांक प्रचलित होते. देशभर ११२ हा एकच क्रमांक असावा, अशी शिफारस भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये केली. ही सेवा २८ नोव्हेंबर २०१८ रोजी सर्वप्रथम हिमाचल प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात या सेवेचे मुख्य केंद्र नवी मुंबई येथे आणि दुय्यम केंद्र नागपूर येथे आहे. केंद्रात नोंदवलेली माहिती संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व तेथून गस्तीवरील वाहनाकडे पाठवली जाते.

## कॉलचा मार्ग

११२ दाबल्यावर हा क्रमांक आपत्कालीन असल्याचे भ्रमणध्वनी संच स्वतःच ओळखतो आणि जाळ्याला तशी सूचना देतो. त्यामुळे कॉलला प्राधान्य मिळते. ज्या टॉवरच्या क्षेत्रातून कॉल आला, त्यावरून तो कोणत्या मदत केंद्राकडे वळवायचा हे ठरते. राज्यांच्या सीमेवर यातून अडचण उद्भवू शकते. सिंधुदुर्गातील एखाद्या सीमावर्ती गावातील फोन गोव्याच्या हद्दीतील टॉवरशी जोडलेला असल्यास कॉल गोव्याच्या केंद्रात जाण्याची शक्यता असते. अशा वेळी गाव, तालुका व जिल्हा यांची नावे तोंडी सांगणे निर्णायक ठरते.

स्वतःच्या कंपनीचे जाळे उपलब्ध नसल्यास संच दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल करू शकतो. त्या वेळी पडद्यावर `Emergency calls only` अशी सूचना दिसते. मात्र या अवस्थेत संचाची त्या जाळ्यात रीतसर नोंदणी झालेली नसते. त्यामुळे कॉल तुटल्यास केंद्राला परत फोन करता येत नाही आणि संचालाही लघुसंदेश पाठवता येत नाही.

## स्थाननिश्चिती

### टॉवरवर आधारित पद्धत

जाळ्याला मुळात फोनचे नव्हे, तर टॉवरचे स्थान माहीत असते. टॉवरवरील अँटेना सामान्यतः तीन दिशांना प्रत्येकी सुमारे १२० अंशांचे क्षेत्र व्यापतात. रेडिओ लहरींना येण्याजाण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतराचाही अंदाज बांधता येतो. दुसऱ्या पिढीच्या (२जी) जाळ्यात हे अंतर सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांत, तर चौथ्या पिढीच्या (४जी) जाळ्यात सुमारे ७८ मीटरच्या टप्प्यांत मोजले जाते.

उदाहरणार्थ, घाटात अपघात झालेल्या एका प्रवाशाने २जी जाळ्यावरून ११२ ला कॉल केला आणि टॉवरपासूनचे अंतर ३.३० ते ३.८५ किलोमीटर असल्याचे आढळले, असे समजू. १२० अंशांच्या क्षेत्रात या दोन अंतरांमधील पट्टा सुमारे ४ चौरस किलोमीटरचा होतो. या पट्ट्यात रस्त्याची अनेक वळणे आणि दऱ्या येऊ शकतात. बचाव पथकाला एवढ्या क्षेत्रात शोध घेणे कठीण असते.

### संचावर आधारित पद्धत

ही उणीव दूर करण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये ॲडव्हान्स्ड मोबाईल लोकेशन ही पद्धत प्रथम वापरात आली. अँड्रॉईड प्रणालीत २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून तिचा अंतर्भाव आहे. आपत्कालीन क्रमांक लावताच संच उपग्रहीय स्थाननिश्चिती व वाय-फाय आपोआप सुरू करतो, सुमारे २० सेकंद स्थान शोधतो आणि त्या वेळेपर्यंत मिळालेले सर्वोत्तम स्थान लघुसंदेशाने किंवा इंटरनेटद्वारे मदत केंद्राकडे पाठवतो. यासाठी वेगळे ॲप लागत नाही. स्थानासोबत त्रुटीची त्रिज्याही कळवली जाते. वरील उदाहरणात ही त्रिज्या २० मीटर असेल, तर शोधाचे क्षेत्र सुमारे १,२५० चौरस मीटर, म्हणजे टॉवरवरून मिळालेल्या क्षेत्राच्या तीन हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उरते.

ही पद्धत चालण्यासाठी संचात सोय असणे पुरेसे नाही. त्या प्रदेशातील मदत केंद्राने ती स्वीकारलेली असावी लागते. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून, नोंदणीविना केलेल्या कॉलमध्ये लघुसंदेश जाऊ शकत नसल्याने असे स्थान सहसा केंद्रापर्यंत पोहोचत नाही. बंद इमारतीत किंवा खोल दरीत उपग्रहांचे संकेत क्षीण होतात व त्रुटीची त्रिज्या वाढते. बहुमजली इमारतीत ठिकाण अचूक मिळाले, तरी मजला समजेलच असे नाही.

## सार्वजनिक इशारे

सामान्य लघुसंदेश प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. लाखो संदेश एकाच वेळी पाठवल्यास विलंब होतो. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत टॉवर आकाशवाणीप्रमाणे एकच संदेश प्रसारित करतो आणि त्याच्या क्षेत्रातील सर्व संच तो ग्रहण करतात. त्यामुळे संचांची संख्या वाढली तरी जाळ्यावरील भार वाढत नाही.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या मंचावरून इशारे प्रसृत केले जातात. सेल ब्रॉडकास्टची यंत्रणा सी-डॉट या शासकीय संस्थेने विकसित केली आहे. तिच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या, तेव्हा अनेकांच्या फोनवर मोठा आवाज होऊन `Emergency alert: Severe` या शीर्षकाचा चाचणी संदेश झळकला.

इशारा देणारा अधिकारी नकाशावर बाधित क्षेत्राची बहुभुजाकृती सीमा आखतो. त्या क्षेत्राला सेवा देणारे टॉवर निवडले जातात व ते ठरावीक काळापर्यंत संदेश पुन्हापुन्हा प्रसारित करतात. त्यामुळे क्षेत्रात उशिरा प्रवेश करणाऱ्यासही तो मिळतो. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असल्याने संच तोच इशारा दुसऱ्यांदा दाखवत नाही.

### संदेशाची लांबी

संदेशाच्या एका पृष्ठात इंग्रजीची ९३ अक्षरे मावतात, तर देवनागरीचे सुमारे ४० संकेत मावतात. एका संदेशात कमाल १५ पृष्ठे असू शकतात. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांचा प्रत्येकी स्वतंत्र संकेत मोजला जातो. ‘स्थलांतर’ या शब्दात उच्चाराची चारच अक्षरे असली, तरी त्याला आठ संकेत लागतात. म्हणून मराठी इशाऱ्यात धोका, ठिकाण व अपेक्षित कृती मोजक्या शब्दांत मांडावी लागते.

### मर्यादा

प्रसारण एकतर्फी असल्याने इशारा कोणाला मिळाला याची पोच यंत्रणेला मिळत नाही. बंद केलेला किंवा विमान अवस्थेत ठेवलेला संच संदेश ग्रहण करू शकत नाही. टॉवरचे क्षेत्र आखलेल्या सीमेशी तंतोतंत जुळत नसल्याने नदीच्या सुरक्षित तीरावरील लोकांनाही पुराचा इशारा मिळू शकतो. असे वारंवार घडल्यास लोक इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागतात.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत २०१९ पासून संदेशासोबत बहुभुजाचे अक्षांश-रेखांशही पाठवले जातात. ही सोय असलेला संच आपले स्थान त्या सीमेशी ताडून पाहतो आणि तो सीमेबाहेर असल्यास इशारा दाखवत नाही. ही तुलना संचातच होत असल्याने वापरकर्त्याचे स्थान शासनाला किंवा दूरसंचार कंपनीला कळवले जात नाही.

## हेसुद्धा पहा

- आपत्ती व्यवस्थापन
- जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली
- भ्रमणध्वनी