नाइटी, रोब की पायजमा सेट? फरक असा ओळखा

ऑनलाइन खरेदी करताना ‘नाइटवेअर’ या एकाच नावाखाली हे तिन्ही कपडे दिसतात. फोटोत आधी पुढची बाजू पाहा. नाइटी, म्हणजेच गाऊन, डोक्यावरून घालतात. गळ्याशी छोटी चेन किंवा दोन-चार बटणं असतात. रोब पुढून पूर्ण उघडा असतो. तो इतर कपड्यांवर घालून कमरेला पट्टा बांधतात. पायजमा सेटमध्ये सहसा बटणांचा शर्ट आणि नाडी किंवा इलॅस्टिकचा पायजमा असतो.

कापडात मात्र फसगत होते. ‘सॅटिन’ हे धाग्याचं नव्हे, विणीचं नाव आहे. लेबलवर ‘पॉलिएस्टर’ असेल, तर ते सॅटिन घाम फारसं शोषत नाही. सैल बाह्यांचा असा रोब घालून गॅसपाशी जाऊ नका. पेटल्यास पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटतं.