काष्ठशिल्पांचे वय : लाकूड, हत्यारांच्या खुणा आणि रंगाचे थर

जैन परंपरेत जीवंतस्वामींच्या चंदनी प्रतिमेची कथा प्राचीन आहे. परंतु त्या काळातील एकही काष्ठप्रतिमा आज उपलब्ध नाही. त्याचे कारण उघड आहे. नित्य प्रक्षाल आणि अभिषेक लाकडाला सोसत नाहीत. म्हणून मूलनायकाची प्रतिमा पाषाणाची किंवा धातूची घडविली गेली आणि लाकूड वापरले गेले ते मंडप, घुमट, खांब आणि घरदेरासर यांसाठी. दिक्पाल, यक्षिणी, चामरधारी, वादिका आणि नर्तकी यांच्या ज्या जुन्या काष्ठमूर्ती आज दिसतात, त्या बहुतांशी अशा रचनांचे अवयव होत.

यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराच्या सागवानी मंडपाचे आहे. मंदिराच्या शिलालेखात इ. स. १५९४ ते १५९६ या काळाचा निर्देश आहे. बर्जेस आणि कझिन्स यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील १९०३ च्या ग्रंथात या मंदिराची नोंद घेतली. पुढे तो मंडप सुटा होऊन परदेशी गेला आणि १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथील नोंदीत साहित्य म्हणून सागवान लिहिले असून त्यावर रंगाचे केवळ अवशेष उरल्याचे नमूद आहे. शिलालेख होता म्हणून या मंडपाचा काळ ठरविण्यास आधार मिळाला. शेकडो घरदेरासरांना असा लेख नाही. तेथे वस्तूलाच साक्ष द्यावी लागते.

ही साक्ष ऐकताना एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. प्रत्येक रंगीत काष्ठमूर्तीला तीन जन्मतिथी असतात : झाड तोडले ती, मूर्ती कोरली ती आणि रंग दिला ती. या तीन तिथींमध्ये कधी एका वर्षाचे अंतर असते, कधी दोनशे वर्षांचे. लाकूड पहिल्या तिथीविषयी बोलते, हत्यारांच्या खुणा दुसरीविषयी आणि रंग तिसरीविषयी. एकीचे उत्तर दुसरीला लावले की निष्कर्ष चुकतो.

प्रथम लाकूड पाहू. लाकूड वाळताना आणि पुढे ऋतुमानानुसार आडव्या दिशेने आकसते. उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही. त्यामुळे चरकावर गोल कातलेला जुना खांब कालांतराने किंचित लंबवर्तुळाकार होतो आणि दोन दिशांनी व्यास मोजल्यास फरक सापडतो. मात्र ओले लाकूड कातले असेल तर हाच फरक थोड्या वर्षांतही पडतो. किरणोत्सर्गी कार्बनची चाचणीही येथे फारशी उपयोगी पडत नाही. साधारण १६५० ते १९५० या काळातील लाकडाला ती एकच उत्तर न देता अनेक शक्य कालखंड सांगते, आणि बहुतेक घरदेरासरे नेमकी याच काळातील आहेत. परंतु १९५५ नंतर वाढलेले लाकूड तिला सहज ओळखता येते, कारण अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बनचे प्रमाण बदलले.

किडीची साक्ष अधिक बोलकी आहे. भुंगेऱ्याची कीड लाकडाच्या आत बोगदे करते. बाहेर दिसते ते फक्त तिचे निर्गमनाचे बारीक गोल छिद्र. कोरीव पृष्ठभागावर अशी छिद्रे असणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे बोगदेच लांबट, उघड्या पन्हाळीसारखे चिरलेले दिसले, तर लाकूड आधी पोखरले गेले आणि नंतर कोरले गेले, असे समजावे. जुन्या वाड्याची तुळई घेऊन ‘प्राचीन’ मूर्ती घडविणाऱ्यांचे पितळ पुष्कळदा येथेच उघडे पडते.

हत्यारांच्या खुणा दर्शनी बाजूस शोधू नयेत; ती बाजू घासून गुळगुळीत केलेली असते. मूर्तीची पाठ पाहावी. वाकसाने तासलेल्या पाठीवर उथळ, कमीअधिक आकाराचे खळगे असतात. दोघांनी ओढलेल्या हातकरवतीच्या रेषा सरळ पण असमान तिरप्या असतात, तर यांत्रिक गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वक्र असतात आणि त्या एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या असू शकत नाहीत. पटाशीच्या धारेला टवका गेलेला असेल तर प्रत्येक घावात एक बारीक उंच रेघ उमटते. तीच रेघ दोन मूर्तींवर आढळली तर त्या एकाच पटाशीने घडल्या, असे म्हणता येते. खिळ्यांवर मात्र एकट्याने विसंबू नये. गोल तारेचा खिळा नंतर ठोकलेला असू शकतो; त्याखालचे भोक चौकोनी असेल तर तेथे पूर्वी लोहाराने घडविलेला खिळा होता.

आता रंग. टाचणीच्या डोक्याहून लहान असा कण, तोही आधीच तडकलेल्या जागेच्या कडेचा, घेऊन राळेत बसवितात आणि त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एक उदाहरण कल्पून पाहू. घरदेरासराच्या खांबावरील एका वादिकेच्या छेदात तळाशी लाकूड, त्यावर खडूची पांढरी अस्तरी, त्यावर हिंगूळ व हरताळ, मग धुपाच्या काजळीची काळी रेघ, त्यावर निळा थर, पुन्हा काजळी आणि सर्वांत वर पांढरा तैलरंग आहे.

हा छेद वरून खाली वाचावा. वरच्या रंगात टायटॅनियमचे पांढरे निघाले तर तो थर सुमारे १९२० नंतरचा. निळ्या थरातील कण बारीक, गोलसर व एकसारखे असतील तर ती कृत्रिम नीळ होय. कपड्यांना देण्याच्या निळीतही हाच पदार्थ असे, आणि तो १८२८ मध्ये प्रथम तयार झाला. म्हणजे हा थर त्यापूर्वीचा नाही. कण ओबडधोबड व टोकदार असते तर ते खनिज लाजवर्द ठरले असते. तळच्या हिंगूळ-हरताळाला मात्र अशी सीमा नाही, कारण ते शतकानुशतके वापरात आहेत. हा थर निळ्याहून जुना आहे आणि दोहोंमधील काजळीवरून मध्ये बराच काळ पूजा झाली, इतकेच निश्चित म्हणता येते. अस्तरीखाली, थेट लाकडावर काजळी सापडली तर मूर्ती काही काळ रंगाविना होती किंवा तिचा आधीचा रंग खरवडला गेला होता.

अशा रीतीने रंग ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो; ‘याच वर्षीचे’ असे सांगत नाही. एका ठिकाणच्या छेदावरही भागत नाही, कारण तो नेमका डागडुजीचा तुकडा असू शकतो. चेहरा, वस्त्र आणि पाठीमागचा कोपरा अशा निदान तीन जागा पाहाव्या लागतात.

या सर्व विवेचनाचा जीर्णोद्धाराशी थेट संबंध आहे. कॉस्टिक सोड्याने धुऊन किंवा काचकागदाने घासून मूर्ती ‘स्वच्छ’ केली की रंगाचे सर्व थर, मधली काजळी आणि पटाशीच्या रेघा एका दुपारी नाहीशा होतात. उरते ते फक्त लाकूड, आणि त्याची साक्ष सर्वांत दुबळी, हे आपण वर पाहिलेच. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ती खासगी रीतीने परदेशी नेता येत नाही; तेव्हा वयाचा पुरावा पुसणे म्हणजे वस्तूचे संरक्षणही दुबळे करणे होय. नवा रंग देणे अपरिहार्यच असेल तर कामाआधी मूर्तीच्या पाठीसह सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, जुना रंग न खरवडता त्यावरच काम करावे आणि पाठीमागे बोटभर रुंदीची एक पट्टी मुळीच न रंगविता राखावी. पुढील पिढीच्या अभ्यासकाला तेवढी पट्टी पुरेल.