पगडीची साक्ष

शालेय इतिहासाच्या पुस्तकातील थोर पुरुषांची चित्रे पाहून त्यांतील कोण कोणता हे मूल क्षणात सांगते, आणि आपण समजतो की त्याने चेहरा ओळखला. परंतु त्याच चित्रातील शिरोभूषण, उपरणे आणि खालची नावाची ओळ कागदाच्या तुकड्याने झाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पुष्कळदा मोठी माणसेदेखील निरुत्तर होतात. ही उणीव पाहणाऱ्याच्या नजरेची नव्हे. चित्रातल्या व्यक्तीची ओळख वस्त्रांवर आणि अक्षरांवर सोपवण्याचा रिवाज पाठ्यपुस्तकांहून फार जुना असून, त्याचे कूळ शोधू गेल्यास ते मोगल बादशहांच्या चित्रशाळेपर्यंत जाऊन पोहोचते.

त्या चित्रशाळेत मुखवटा हुबेहूब उतरवण्याचा आग्रह नव्हता असे नाही. जहांगीराच्या चितारांनी तर त्यात कमालच केली. तरीही दरबारातील पन्नास माणसे एका पानावर बसवायची तर प्रत्येकाचा चेहरा वाटाण्याएवढा होई, आणि म्हणून कित्येक चित्रांत माणसाच्या अंगरख्यावर वा गळपट्टीशी बारीक फारसी अक्षरांत त्याचे नाव घातलेले आढळते. वस्त्रांचीही एक मूक भाषा होती. जाम्याचे बंद हिंदू सरदार आपल्या डाव्या कुशीशी बांधीत आणि मुसलमान उजव्या, हा संकेत चितार सहसा पाळीत. त्यामुळे दाढी-मिशांनी संभ्रम पडला तरी काखेखालची गाठ पाहून राजपूत कोणता आणि मोगल अमीर कोणता, याचा अदमास लागतो. स्वतः जहांगीराने १६१४ साली, दुखण्यातून उठल्यावर, ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या भक्तीपोटी कान टोचून घेऊन मोती घातले, तेव्हापासून त्याच्या चित्रातील कर्णभूषण हे ओळखीचेच नव्हे तर कालनिर्णयाचेही साधन होऊन बसले. त्याचे अनुकरण दरबारी मंडळींनीही केले, त्यामुळे केवळ मोती दिसला म्हणून जहांगीर म्हणणे घाईचे ठरेल. परंतु त्याचे उघडे कान दाखवणारे चित्र त्या सालानंतरचे आहे असे कोणी सांगू लागला, तर त्याला पुरावा विचारण्याचा अधिकार आपल्याला खचित आहे.

हीच चित्रे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या हाती पडली, आणि तेथे या पद्धतीला एक नवीन अवयव फुटला: चित्राखालची ओळ. गोवळकोंड्याकडील चितारांनी काढलेल्या राजे-सरदारांच्या मालिका त्यांनी विकत घेतल्या, आणि ज्यांना चित्रातला एकही माणूस प्रत्यक्ष ठाऊक नव्हता अशा त्या गिऱ्हाइकांनी प्रत्येक पानावर आपल्या लिपीत नाव लिहून घेतले. छत्रपती शिवाजी महाराजांची जी जुनी चित्रे आज ॲमस्टरडॅम व लंडन येथील संग्रहांत आहेत ती याच घराण्यातील आहेत. ओळ ही सोय खरी, पण ती चित्रापासून अलग होऊ शकते, चुकू शकते, एकाखालची दुसऱ्याखाली जाऊ शकते, आणि तसेच घडले. पुष्कळ वर्षे महाराष्ट्रात महाराजांचे म्हणून जे चित्र छापले जात होते, ते इब्राहिम खान नावाच्या एका भलत्याच माणसाचे होते, आणि वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून खरे चित्र शोधून काढून ते प्रसिद्ध केले, तेव्हाच हा घोटाळा निस्तरला. चेहरा कोणीच पाहिलेला नसल्यामुळे त्या चेहऱ्याने तक्रार करावी तरी कशी? ओळीवर विसंबलेल्या पिढ्यांनी ती ओळ खरी मानली, यात त्यांचा दोष मानणे मला अन्यायाचे वाटते.

तिसरी पिढी पुण्याची. चित्रशाळा छापखाना १८७८ साली निघाला, आणि तेथल्या रंगीत शिळाछापांनी पेशवे व नाना फडणवीस घरोघरच्या भिंतींवर नेऊन बसवले. पुढे पाठ्यपुस्तकांत छायाचित्रावरून ब्लॉक करण्याची रीत आली, आणि तेथे चेहऱ्याचा खरा अंत झाला. खरबरीत स्वस्त कागदावर छापायचे तर छायाचित्राचे ठिपके करणारी जाळी इंचाला पासष्टएक रेघांचीच घ्यावी लागे, कारण त्याहून बारीक जाळीचे ठिपके शाईने एकमेकांत मिसळून जात. अर्ध्या इंचाच्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यामुळे आडवे बत्तीस ठिपके येणार, आणि चेहऱ्याच्या रुंदीचा सुमारे पाचवा भाग व्यापणाऱ्या डोळ्याला जेमतेम सहा! सहा ठिपक्यांत टिळकांची नजर आणि आगरकरांची नजर यांतला भेद राहणे अशक्य. पुढे रेखाचित्रकारांनी ही पडती बाजू सावरली ती पगडी ठळक करून. पगडी त्या कामाला साजेशीही होती. फेटा रोज नव्याने बांधावा लागे, त्यामुळे त्याची आकृती बदले, परंतु पगडी पगडबंद एकदाच बांधून देई, म्हणून तिचा उंचवटा, घेर आणि कोका यांची बाह्यरेषा वर्षानुवर्षे एकच राही. एखाद्या चित्रातला चेहरा पुसला तरी त्या रेषेवरून फुल्यांचे पागोटे, दादाभाईंची पारशी पगडी आणि पुण्याची चक्री पगडी ही परस्परांपासून वेगळी निघतात.

मर्यादा येते ती एकच पगडी दोघांच्या डोक्यावर असली म्हणजे. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ सालचे, दोघेही पुण्याच्या एकाच वर्तुळातले. वेष, वय आणि प्रांत यांपैकी कशानेही त्यांची वाटणी होत नाही. चित्राखाली ‘केसरीचे संपादक’ एवढेच लिहिलेले असेल तर ते टिळकच, असे बहुतेक जण बेधडक म्हणतील, पण १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते. ‘डोंगरीच्या तुरुंगात राहिलेले’ असे लिहिले तरी पेच सुटत नाही, कारण १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघेही तेथे १०१ दिवस होते. अशा वेळी भोवतालचा पाठ पाहावा लागतो. प्रकरण १९०७ च्या सुरत काँग्रेसचे असेल तर आगरकर आपोआप बाद होतात, ते १८९५ सालीच निवर्तले होते. प्रकरण ‘सुधारका’चे असेल तर टिळकांचे चित्र तेथे येण्याचे प्रयोजन राहत नाही.

परंतु डोंगरीच्याच प्रकरणात दोघांचे एकत्र चित्र छापले, आणि खाली ‘डावीकडून’ असे म्हणून दोन नावे दिली, तर सगळा भार त्या एका शब्दावर पडतो. ब्लॉक करताना काच उलटी धरली गेली की चित्र आरशातल्यासारखे फिरते. मोगल चित्रात असे झाल्यास जाम्याची गाठ दुसऱ्या कुशीला जाते, तलवार उजव्या कमरेला येते, आणि फारसी अक्षरे उलटी उमटून चूक बोलून दाखवतात. दोन सारख्या पगड्यांच्या चित्रात मात्र दाखवणारे काहीच उरत नाही, आणि आगरकर टिळकांच्या जागी निमूटपणे बसलेले राहतात.