दोन रुपयांचे पाच लाख निर्माते : ‘मंथन’ची गोष्ट

१/ १९७६ साली पडद्यावर आलेल्या ‘मंथन’ या हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून कुणा शेठजींचे नाव नाही. तो गुजरातमधील पाच लाख शेतकऱ्यांनी सादर केलेला चित्रपट आहे. समांतर सिनेमा म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या एका ओळीपासून आरंभ करावा.

२/ वास्तवदर्शी चित्रपटांपुढचा पहिला प्रश्न पैशाचा होता. १९६० मध्ये स्थापन झालेले सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन कर्ज देई; मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) त्यातूनच उभा राहिला. पण चित्रपट तयार झाला, तरी तो दाखवायला चित्रपटगृह मिळेलच याची शाश्वती नव्हती. कित्येक चित्रपट पारितोषिके मिळवून डब्यातच राहिले.

३/ श्याम बेनेगल यांनी दुग्धव्यवसायाच्या सहकारावर आधी माहितीपट केले होते. ते पाहणारे बहुतेक लोक सहकाराच्या बाजूचेच, ही त्यांची खंत होती. त्यांना कथापट हवा होता. तेव्हा ‘अमूल’चे वर्गीस कुरियन यांनी मार्ग सुचवला : गुजरातच्या दूध महासंघाच्या प्रत्येक सभासदाने एका वेळच्या दुधाच्या पैशांतून दोन रुपये सोडावेत. पाच लाख सभासदांचे दहा लाख रुपये झाले आणि तेवढ्यात चित्रपट पूर्ण झाला.

४/ यातून दुसरा प्रश्नही सुटला. प्रदर्शनानंतर हे ‘निर्माते’ आपला चित्रपट पाहण्यासाठी ट्रक भरभरून शहरांतील चित्रपटगृहांत आले. ज्यांच्यावर चित्रपट होता, तेच त्याचे धनको आणि तेच प्रेक्षक. पुढे त्याच्या १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगावी दाखवून नव्या दूध संस्था उभारण्यासाठीही त्याचा उपयोग करण्यात आला.

५/ पटकथा विजय तेंडुलकरांची, छायालेखन गोविंद निहलानींचे. डॉ. राव (गिरीश कर्नाड) हा पशुवैद्य एका खेड्यात सहकारी संस्था काढायला येतो. खासगी डेअरीचा मालक मिश्रा (अमरीश पुरी) गावाला दुधाचा मनमानी भाव देतो. राव दुधातील स्निग्धांश मोजतो. त्या मोजणीला फार मोठा अर्थ आहे : स्निग्धांशावरून भाव ठरला, की दूध उच्चवर्णीयाच्या म्हशीचे की दलिताच्या, हा प्रश्नच उरत नाही.

६/ परंतु गावाची उतरंड परीक्षानळीने मोडत नाही. संस्थेच्या निवडणुकीत सरपंच (कुलभूषण खरबंदा) हरतो आणि मिश्राच्या बाजूला जातो. रावचा एक सहकारी गावातील दलित मुलीला फसवतो. बिंदूच्या (स्मिता पाटील) अंगठ्याच्या ठशावर रावविरुद्ध खोटा आरोप रचला जातो. अखेर रावला गाव सोडावे लागते. संस्था पुन्हा हाती घेतो तो आरंभी त्याच्यावर सर्वाधिक अविश्वास दाखवणारा भोला (नसीरुद्दीन शाह).

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. चित्रपटात सहकार बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापासून सुरू होतो. प्रत्यक्षात खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्येच संघ स्थापला होता. कुरियन आणंदला आले १९४९ मध्ये. शिवाय पैसा ज्या चळवळीचा, चित्रपटही तिचाच, हेही विसरू नये. तरीही रावचे अपयश आणि भोलाचा पुढाकार दाखवून बेनेगल यांनी त्याला प्रचारपट होऊ दिले नाही.

८/ मराठी प्रेक्षकासाठी ‘मंथन’ची खरी जोडी आहे जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७५). त्याचीही पटकथा तेंडुलकरांची आणि विषयही सहकारच. फक्त दुधाऐवजी साखर. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) या साखरसम्राटाच्या साम्राज्यात एक भणंग मास्तर (श्रीराम लागू) येतो आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारू लागतो. ‘मंथन’मध्ये सहकार दुबळ्याच्या हाती येऊ पाहतो, ‘सामना’त तो एकाच माणसाच्या मुठीत गेलेला आहे.

९/ म्हणून क्रम असा ठेवावा : आधी ‘मंथन’, मग ‘सामना’. पाहताना एकच गोष्ट टिपत जावी : संस्थेची किल्ली प्रत्येक प्रसंगात कोणाच्या हाती आहे? ‘मंथन’ची पुनरुज्जीवित प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, त्यामुळे तो आज पुन्हा स्वच्छ रूपात पाहता येतो. मात्र त्या पाच लाखांपैकी कोणाचेही नाव पडद्यावर नाही. दोन रुपयांची ती नोंद फक्त संख्येच्या रूपाने इतिहासात उरली आहे.