फरा-चिल्यातील कर्बोदकांचा अंदाज (रायपूर)
बाहेरच्या ताटलीतील कर्बोदके ग्रॅममध्ये अजमावून जेवणानंतरची रक्तशर्करा आधीच ताडण्याची आणि त्यानुसार किती खायचे हे ठरवण्याची मधुमेहींची रीत. रायपूरमध्ये ही रीत मुख्यतः तांदळाभोवती फिरते. फरा, चिला, अंगाकर रोटी हे इथले नाश्त्याचे पदार्थ जवळजवळ संपूर्ण तांदळाचे असतात. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातील ‘गढकलेवा’त ते एकाच ठिकाणी खायला मिळतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात. हे तक्ते प्रामुख्याने कच्च्या जिनसांचे असल्याने फऱ्याचा आकडा पिठावरून काढावा लागतो. शिजवताना पाणी वाढते, वजन वाढते. पिष्ट मात्र तेवढेच राहते. म्हणून ‘ताटलीत किती आहे’ यापेक्षा ‘त्यात कोरडे पीठ किती गेले’ हा प्रश्न उपयोगाचा.

फऱ्यासाठी शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळतात, बोटाएवढ्या वळकट्या करून वाफवतात आणि तीळ-मिरचीची फोडणी देतात. 150 ग्रॅम भातात सुमारे 42 ग्रॅम आणि 150 ग्रॅम पिठात सुमारे 118 ग्रॅम, अशी 160 ग्रॅम कर्बोदके झाली. पाणी धरून गोळा साधारण 450 ग्रॅमचा होतो. म्हणजे फऱ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक कर्बोदके. 30 ग्रॅमचा एक फरा म्हणजे ढोबळमानाने 10 ग्रॅम. हा हिशेब तोंडी राहतो, हीच त्याची खुबी. चिल्यातले बरेच पाणी तव्यावर उडते, त्यामुळे तेथे वजनाचे चार दशांश धरणे बरे. 60 ग्रॅमच्या चिल्यात सुमारे 24 ग्रॅम. आकार दुकानागणिक बदलतो. नेहमीच्या ठेल्यावरचे पार्सल एकदा घरी आणून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलले की पुढे नजर तयार होते.

फरा तळलेला नाही म्हणून तो निर्धोक, असा समज सर्रास आढळतो. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. वाफवल्याने तेल वाचते, पिष्ट नाही. उलट उडदाचा बरा तळलेला असूनही तेवढ्याच वजनाच्या फऱ्यापेक्षा कमी कर्बोदके देतो, कारण डाळीत ती तांदळाहून कमी असतात.

ग्रॅमवरून आकडा ताडण्यासाठी प्रत्येकाचे स्वतःचे प्रमाण लागते. गोळ्यांवर असलेल्या एखाद्याची शर्करा खाण्यापूर्वी 120 होती, त्याने दोन फरे खाल्ले आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी ती 160 भरली असे समजू. 20 ग्रॅमला 40 ची वाढ, म्हणजे ग्रॅमला दोन. याच माणसाने सहा फऱ्यांची पूर्ण ताटली संपवली तर अंदाज 240 चा येतो. अनेक प्रौढांसाठी जेवणानंतरची मर्यादा 180 मानतात. ती तीन फऱ्यांवरच गाठली जाते. तेव्हा दोन फरे आणि सोबत एखादा बरा, ही निवड त्याला अधिक सोयीची. हे प्रमाण एका मोजणीवर ठरवू नये. सकाळी आणि संध्याकाळी ते वेगळे असू शकते, खाल्ल्यावर चालले तर बदलते, आणि मोठ्या ताटलीला ते सरळ रेषेत लागू पडेलच असे नाही. शिवाय ग्लुकोमीटरच्या मानकात 100 च्या वरच्या आकड्याला 15 टक्क्यांची सूट आहे; खरी शर्करा 160 असताना यंत्र 136 ते 184 यांतले काहीही दाखवू शकते. दहा-वीसच्या फरकावरून अंदाज चुकला असे म्हणण्यात अर्थ नाही.

चूक कुठे झाली हे वेळेवरून कळते. दोन तासांनीच आकडा अपेक्षेपेक्षा बराच चढा असेल तर कर्बोदके कमी मोजली गेली. पोह्यांसोबत खाल्लेली जिलेबी हिशेबात धरायची राहून जाते, ती अशी उघडी पडते. दोन तासांनी ठीक आणि चार तासांनी चढा असेल तर कारण बहुधा तेल. समोसा किंवा कचोरीतील स्निग्धांश जठर रिकामे होणे लांबवतो आणि शर्करा उशिरा वर येते.

इन्सुलिन घेणाऱ्यांना उलटी चूक जास्त घातक ठरते. कर्बोदके जास्त धरून त्या मानाने डोस घेतला तर शर्करा खाली घसरते. डोसचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवलेले असावे, आणि अनोळखी ठेल्यावर अंदाज कमीकडे ठेवावा.

उन्हाळ्यातील बोरे-बासीत, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भातात, वाडगा मोजून भागत नाही. पाणी निथळून भात तोलावा. फुगलेला असल्याने साध्या भाताचे 100 ग्रॅमला 28 हे प्रमाण तेथे थोडे जास्तच भरते.