मंदिरातील अग्निदक्षता (विश्वस्तांसाठी)

समई, कापूर आणि यात्रेची गर्दी एकत्र येते अशा देवस्थानात आग लागू नये, आणि लागलीच तर माणसे सुखरूप बाहेर पडावीत, यासाठी विश्वस्तांनी ठेवायची व्यवस्था.

कापूर आणि तेल यांचा स्वभाव वेगळा. कापूर साधारण ६५ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. शेंगदाणा तेलाला त्यासाठी ३०० अंशांच्या आसपास तापावे लागते. म्हणून फरशीवर नुसते सांडलेले तेल सहसा पेटत नाही, पण तेच तेल सतरंजीत किंवा पुसायच्या फडक्यात मुरले की ते कापड वातीचे काम करते. तेल सांडताच पुसावे आणि ती फडकी गाभाऱ्याच्या कोपऱ्यात साठवू नयेत. जवस आणि करडईच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेटू शकतात.

उज्जैनच्या महाकाल मंदिरात २५ मार्च २०२४ रोजी, होळीच्या भस्म आरतीत, पेटत्या कापरावर गुलाल पडला आणि गाभाऱ्यात भडका उडाला. पुजाऱ्यांसह १४ जण भाजले. हवेत उधळलेली बारीक पूड क्षणात पेटते. आपल्याकडे पालखीत, मिरवणुकीत गुलाल असतोच, तेव्हा आरती चालू असताना गुलाल उधळू न देणे हा नियम विश्वस्तांनीच घालून द्यावा. कापराचा साठा झाकणाच्या डब्यात, आरतीच्या जागेपासून दूर ठेवावा.

पेटत्या तेलावर पाणी मारू नये. पाण्याची तळाशी वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. भांडे लहान असेल तर धातूचे ताट झाकून ज्योत गुदमरवावी. कापडाला लागलेल्या आगीसाठी कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे पुजाऱ्याच्या हाताशी, पण आगीच्या पलीकडे अडकणार नाही असे, दाराजवळ टांगावे. मारा ज्वाळेच्या टोकावर नको, बुडाशी हवा. लहान नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते, म्हणून गुरव व सेवेकऱ्यांनी ते आधी एकदा हाताळलेले असावे.

गर्दीचा धडा मांढरदेवीचा. सातारा जिल्ह्यात काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर भाविक घसरले, चेंगराचेंगरी झाली. मग दुकाने पेटली, गॅसची सिलिंडर फुटली. तीनशेच्या आसपास माणसे गेली. अरुंद वाट, तिच्या कडेला दुकाने आणि दुकानांत सिलिंडर ही मांडणीच घातक होती.

वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावी अग्निशामक गाडी बाहेरून येईपर्यंतची पहिली मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात. म्हणून यात्रेआधी विश्वस्तांनी येण्याची व जाण्याची वाट वेगळी करावी, बाहेर पडायच्या दाराला कुलूप लावू नये आणि प्रसादाची चूल व सिलिंडर मंडपापासून लांब, उघड्यावर ठेवावीत. मंडप कापडी असेल तर त्याखाली निरांजन लावायला परवानगी देऊ नये.